मनगटाचं हाड बसवायला हेमॅटोमा ब्लॉक: ग्रामीण रुग्णालयात द्यावा की पेशंट पुढे पाठवावा?

बालाघाटचा एमओ
बीड जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. ५८ वर्षांच्या बाई, वजन ४२ किलो, सकाळी हौदाजवळ घसरून हातावर पडल्या, दुपारी आल्या. एक्सरेत कोलीज फ्रॅक्चर. जखम नाही, बोटांची जाणीव ठीक. भूलतज्ज्ञ आठवड्यातून एकदा येतात. कपाटात २ टक्के लिग्नोकेनच्या बाटल्या आहेत. हेमॅटोमा ब्लॉक देऊन इथंच बसवावं, की अंबाजोगाईला पाठवावं? एक सर म्हणाले, नर्व्ह ब्लॉकशिवाय हात लावू नका.

मांजराकाठ
अस्थिरोग बघतो, म्हणून स्पष्ट सांगतो. इथंच बसवा. पण बाटली फोडायच्या आधी कागदावर हिशोब मांडा, कारण घोळ तिथंच होतो. सगळे "दहा मिली द्या" असं सांगतात, ते दहा मिली १ टक्क्याचे असतात. २ टक्के म्हणजे एका मिलीत २० मिलिग्रॅम. तुमच्या बाटलीतून सरळ दहा मिली ओढले तर २०० मिलिग्रॅम झाले. साध्या लिग्नोकेनला मी किलोमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा धरतो, काही जण साडेचारपर्यंत जातात. या बाईंना पहिल्या हिशोबानं १२६ बसतात, दुसऱ्या हिशोबानं १८९. २०० कुठल्याच हिशोबात बसत नाहीत.

म्हणून २ टक्क्याचे ६ मिली घ्या, त्यात तेवढंच नॉर्मल सलाइन घाला. १ टक्क्याचे १२ मिली झाले, म्हणजे १२० मिलिग्रॅम. दहा रेडियसला द्या, दोन अल्नाच्या टोकाशी. ते टोकही पुष्कळदा तुटलेलं असतं आणि तिथं औषध गेलं नाही तर ओढताना बाई करंगळीच्या बाजूनं कळवळतात.

मी कमी मर्यादा का धरतो तेही सांगतो. हे औषध कातडीखाली बसून राहत नाही. ते तुटलेल्या हाडाच्या पोकळीत जातं आणि मज्जेतून रक्तात झटकन चढू शकतं.

सुई मागच्या बाजूनं घाला, म्हणजे रेडियल आर्टरी वाटेत येत नाही. अंगठ्यानं हाडाची पायरी चाचपा, तिच्या जरा वर, कोपराच्या बाजूला, सुई टोचून बोटांच्या दिशेनं तिरपी न्या. हाडाला लागली की हळूहळू सरकवत फटीत उतरवा आणि सिरिंज मागे ओढा. एरवी रक्त आलं की थांबायचं अशी आपल्याला सवय असते. इथं उलट आहे. काळपट, संथ रक्त आलं, त्यावर चरबीचे चकाकणारे थेंब दिसले, तर सुई जागेवर आहे. काहीच आलं नाही तर तुम्ही बाहेर आहात, तिथं औषध ओतून उपयोग नाही. लालभडक आणि उसळतं रक्त आलं तर सुई काढून दाबून धरा. पण काळं रक्त शिरेतूनही येतं, म्हणून आधी हाडाचा स्पर्श झालेला पाहिजे, आणि औषध दोन-दोन मिली करून, बाईंशी बोलत बोलत द्यायचं. नंतर घड्याळ लावून १० ते १५ मिनिटं थांबा. पाच मिनिटांत ओढाताण सुरू केली की ब्लॉक फेल गेला असं सगळे म्हणतात.

भूल लातूर
हिशोब बरोबर आहे, सल्ला मला मान्य नाही. मी भूलतज्ज्ञ आहे. हेमॅटोमा ब्लॉकनं दुखणं कमी होतं, पण स्नायू सैल पडत नाहीत. बाई हात आखडून धरतात, तुम्ही जोर लावता, हाड अर्धवट बसतं, मग दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा ओढता. ॲक्सिलरी ब्लॉकमध्ये अख्खा हात सैल पडतो. अल्ट्रासाउंडखाली १५ मिलीत काम होतं. फक्त मस्क्युलोक्यूटेनियस नर्व्ह वेगळी पडलेली असते, ती कोरॅकोब्रॅकियालिसमध्ये शोधून तिला स्वतंत्र औषध द्यावं लागतं.

आणि हे कोलीज आहे. बोटं उबदार आहेत, जाणीव आहे, कातडी शाबूत आहे. मग ही आजच रात्री बसवायची इमर्जन्सी नाही. स्लॅब लावा, वेदनाशामक द्या, हात उंच ठेवा, सकाळी पाठवा. जिथं झटका आला तर अँब्यू बॅग कुठं आहे ते शोधावं लागतं, तिथं १२० मिलिग्रॅम टोचायची घाई कशाला?

मांजराकाठ
मॅडम, तुमच्याकडे अल्ट्रासाउंड आहे. ग्रामीण रुग्णालयात पीसीपीएनडीटीखाली नोंदणी नसलेलं मशीन कॅज्युअल्टीत आणून लावता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. उरतो तो अंदाजानं दिलेला ब्लॉक. कॉलरबोनच्या वर अंदाजानं सुई घातली तर फुप्फुसाला भोक पडायची भीती असते, आणि तिथं छातीत नळी घालणारं कुणी नसतं.

दुसरं म्हणजे, बुपिव्हाकेननं हात सहा-आठ तास बधिर राहिला आणि आत प्लास्टर घट्ट होत गेलं, तर मीडियन नर्व्ह दबल्याचं बाईंना कळणार कसं? हेमॅटोमा ब्लॉकनंतर बोटांची जाणीव बहुतेक वेळा शाबूत राहते. म्हणजे बसवल्यावर तपासता येतं.

इंटर्न नांदेड
सर, एक सुचवतो. ॲड्रेनलिनवाली बाटली घेतली तर किलोमागे ७ मिलिग्रॅमपर्यंत चालतं ना? म्हणजे या बाईंना २९४. मग पातळ करायची गरजच नाही, २ टक्क्याचे दहा मिली बिनधास्त जातात. औषध जास्त वेळही टिकेल.

मांजराकाठ
सातचा आकडा बरोबर आहे, पण तो मऊ भागातल्या इंजेक्शनासाठी. तिथं ॲड्रेनलिननं रक्तवाहिन्या आकसतात, औषध हळूहळू चढतं, म्हणून मर्यादा वाढते. तुटलेल्या हाडाच्या पोकळीत तसंच होईल असं धरून चालू नका. अर्ध्या तासाच्या कामाला जास्त वेळ टिकणारं औषध लागत नाही. आणि ५८ वर्षांच्या बाईंना बीपी आहे का, हृदयाचं काही आहे का, हे धाग्यात अजून आलेलंच नाही.

शेतकरी औसा
डॉक्टरसाहेब लोकहो, मला त्यातलं लई कळत नाही, पण आमच्या आईचं असंच झालं होतं. पडली तेव्हा आधी गावातल्या हाडवैद्याकडं नेलं, त्यानं पट्ट्या बांधल्या. चार-पाच दिवसांनी हात टम्म सुजला, मग दवाखान्यात गेलो. तिथं म्हणाले आता त्या सुईचा उपयोग नाही, पूर्ण भूल द्यावी लागंल. तवापासून आम्हाला वाटतंय, पैसे काढायलाच तसं म्हणले. हेमॅटोमा म्हणजे रक्ताची गाठच ना? गाठीत सुई घातली तर गाठ फुटून विष व्हत नाही का?

मांजराकाठ
दादा, तुम्हाला खरंच सांगितलं त्यांनी. हाड मोडलं की फटीत रक्त साचतं. ते पातळ आहे तोवर औषध त्यात मिसळून चहूकडं पसरतं. दिवस उलटला की रक्त गोठायला लागतं, मग औषध एका जागी अडतं. चार-पाच दिवसांनी तर आत भरून यायला सुरुवात झालेली असते. म्हणून तुमच्या आईला पूर्ण भूल लागली. गाठ फुटून विष वगैरे होत नाही. भीती असते ती फक्त जंतू आत जायची.

एमडी हिंगोली
नेमकं त्याबद्दलच लिहिणार होतो. बंद फ्रॅक्चर आपण सुईनं बाहेरच्या जगाला जोडतो. आमच्याकडे ड्रेसिंग रूममध्ये एकाच ट्रेमधून सगळं चालतं, आधी गळू फोडायचं, मग हीच सुई. हाडात पू झाला तर जबाबदार कोण? माझा विरोध तंत्राला नाही, जागेला आहे.

मांजराकाठ
जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण होतो, हे नाकारत नाही. निर्जंतुक हातमोजे घाला, बीटाडीन लावून ते पूर्ण वाळू द्या, आणि बाटली नवीन घ्या. सकाळपासून टोचलेली ३० मिलीची बाटली या कामाला नको. खरचटलेलं असेल, फोड आले असतील, तर सुई घालूच नका. तुमच्या ट्रेची अवस्था तीच असेल तर तुमच्याकडे मीही पाठवाच म्हणेन.

बालाघाटचा एमओ
बीपीची गोळी चालू आहे, हृदयाचा त्रास नाही, आधी कुठल्या औषधाची ॲलर्जी नाही. ऑक्सिजन, अँब्यू बॅग, सक्शन, मिडाझोलाम आहे. इंट्रालिपिड नाही.

भूल लातूर
म्हणजे नेमकी तीच गोष्ट नाही. विषबाधा कशी दिसते ते ध्यानात ठेवा. बाई म्हणतील ओठ बधिर झाले, तोंडात धातूची चव येतेय, कानात गुणगुणतंय. उगाच बडबड करतील किंवा अचानक गप्प होतील. यातलं काही दिसलं की सिरिंज बाजूला ठेवायची, ऑक्सिजन द्यायचा. झटका आला तर श्वास सांभाळून मिडाझोलाम. त्यानंतर २० टक्क्यांचं लिपिड किलोमागे दीड मिली, म्हणजे यांना ६३ मिली, एका मिनिटात. १०० मिलीची एक बाटली कपाटात असती तर मी एवढी भांडले नसते. द्यायचाच असेल तर दुसऱ्या हाताला सलाइनची सुई आधी लावा, बोटाला ऑक्सिमीटर ठेवा आणि १०८ चा चालक जागा आहे ना ते बघा.

आणखी एक. ब्लॉक लागला नाही तर "अजून थोडं" देऊ नका. १२६ पैकी १२० संपलेले असतील. मग मी पुढे नर्व्ह ब्लॉक द्यायचं म्हटलं तरी दोन्ही औषधांचा विषारी परिणाम एकत्र मोजावा लागतो. किती वाजता किती मिलिग्रॅम दिलं ते रेफर चिठ्ठीवर ठळक लिहा.

बालाघाटचा एमओ
दिला. पहिल्यांदा सिरिंजमध्ये काहीच आलं नाही. सुई थोडी मागे घेऊन पुन्हा तिरपी केली तेव्हा काळं रक्त आलं, वर तेलाचा तवंग होता. १२ मिनिटं थांबलो. सिस्टरांनी कोपराच्या वर धरलं, मी ओढलं. बाईंना ओढल्याचं कळत होतं, पण बोलत होत्या. स्लॅब कोपराखालीच ठेवला. नंतर तर्जनीच्या टोकाची जाणीव आणि अंगठा-तर्जनीचा गोल दोन्ही नीट. पण नव्या एक्सरेत मागे झुकलेला कोन थोडा उरलाय.

मांजराकाठ
किती उरलाय त्यावर अवलंबून आहे. साइड व्ह्यूचा फोटो टाका. मनगट जास्त वाकवून कोन काढायला जाऊ नका, तशा स्थितीत मीडियन नर्व्ह दबते. आज रात्री मुंग्या वाढल्या किंवा बोटं मागे सरळ करताना असह्य दुखलं तर स्लॅबची पट्टी आतल्या कापसासकट कापायला घरच्यांना आत्ताच शिकवा.

भूल लातूर
कोन उरला तो स्नायू सैल नव्हते म्हणूनच, असं माझं मत आहे. उद्या त्यांना अंबाजोगाईच्या ओपीडीत पाठवा.

मांजराकाठ
किंवा मागची कड चुरलेली असेल म्हणून. ती कुठल्याही भुलीत तशीच राहते. फोटो बघू आधी.