भाकर बंद केली तरी उपाशीपोटीची शुगर वाढली?

> "दोन महिने झाले भाकर-भात बंद आहे, वजन ७ किलो उतरलं, पण फास्टिंग ९२ ची ११० झाली. डायबिटीस होऊन राहिला का?"

भाऊ, घाबरू नका, माझ्या मोठ्या भावाचंही असंच झालं होतं. पिठाचं खाणं बंद झालं की शरीर चरबीवर चालते, स्नायू साखर घ्यायचं कमी करतात म्हणजे ती मेंदूसाठी शिल्लक राहते, अन् पहाटे लिवर स्वतःच साखर बनवून रक्तात सोडते म्हणून सकाळचा आकडा चढतो.

भावाची फास्टिंग ११२ होती, तशातच ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून टेस्ट केली तर दोन तासांनी १७२ आली, घरचे सगळे हादरले. पण त्या टेस्टआधी तीन दिवस रोज निदान १५० ग्रॅम कार्ब पोटात जायला पाहिजे, हे लॅबवाल्यानं विचारलंच नाही! मग दोन्ही वेळ जवारीची भाकर, वरण-भात खाऊन चौथ्या दिवशी परत केली, फास्टिंग ९४ अन् दोन तासांनी ११८.

एचबीए१सी पण करा, पण घरात सिकलसेल असेल (आपल्याकडे लई आहे) तर डॉक्टरले आधी सांगा, त्यात तो आकडा फसवते. भाकर सुरू करूनही फास्टिंग चढलेलीच राहिली तर मात्र डायटवर ढकलू नका.