आजीच्या खोलीतला स्पीकर (घरचा ग्रुप)

प्रियंका: मंगेशदादा, आजीच्या खोलीत ब्लूटूथ स्पीकर लावून दिला. पण कीर्तन लावलं की नुसतं घुमते. बुवा काय बोलून राहिले ते आजीले समजतच नाही. आवाज वाढवला तर अजूनच घुमते.

मंगेशदादा: ठेवला कुठं?

प्रियंका: कोपऱ्याजवळच्या कोनाड्यात, पार आत. आजीच्या डोक्याच्या वर आहे.

मंगेशदादा: मंग घुमणारच. पखवाजाची धूम, म्हणजे जाड आवाज, स्पीकरातून चहूकडे पसरते. मागं भिंत असली की तो परतून पुढच्या आवाजात मिसळते अन् वाढते. कोपऱ्यात दोन भिंती, म्हणून अजून वाढते. बोलण्यातले स, च, ट हे बारीक आवाज मात्र बहुतेक समोरच जातात, भिंतीनं वाढत नाहीत. मंग जाड आवाज त्यांच्यावर चढते अन् शब्द दबतात. त्यात कोनाडा स्वतः पेटीसारखा घुमते.

सुनंदाकाकू: मंग खोलीच्या मधात ठेवायचा का?

मंगेशदादा: नाही काकू, मधात भिंतीचा आधार जाते, पखवाज पातळ लागते. प्रियंका, लाकडी स्टूल घे. कोपऱ्यापासून दोन-तीन फूट दूर, भिंतीपासून एक फुटावर ठेव. तोंड सरळ आजीकडं. उंची आजी खाटेवर बसल्यावर तिच्या कानाएवढी, जमिनीपासून साडेतीन फुटाच्या आसपास येईल. स्पीकरच्या दोन्ही टोकांले थरथरणारी चकती असली तर तिथं काही टेकवू नको, जाड आवाज तिथूनच निघते.

प्रियंका: ठेवला. शब्द एकदम मोकळे झाले! पण पखवाज थोडा पातळ वाटते आता.

मंगेशदादा: आवाजाचं बटन तसंच राहू दे अन् तोच अभंग लाव. स्पीकर चार-चार बोटं भिंतीकडं सरकव, पण ऐकायचं आजीच्या खाटेवर बसूनच. स्पीकरजवळ उभं राहून काही कळत नाही. शब्द दबायले लागले की चार बोटं परत आजीकडं घे.

प्रियंका: भिंतीपासून वीतभर अंतरावर जमलं. धूम भरली अन् आजी बुवांच्या मागं मागं म्हणून राहिली. फक्त स्टूल झणझणते.

मंगेशदादा: स्पीकरखाली जाड कापडाची घडी टाक.

विनूकाका: आमच्या बैठकीत उलटं आहे, धूमच नाही. स्पीकर टीव्हीच्या फळीवर, अर्धा हात आत ठेवला आहे.

मंगेशदादा: काका, आधी फळीच्या कडेवर घ्या, नाहीतर बोलणं समोरच्या फळीवर आदळून परत मिसळते, आवाज मळकट होते. मंग फळीच कोपऱ्याच्या बाजूनं सरकवता आली तर पाहा. पण मुठीएवढा स्पीकर असेल तर ढोलाचा खोल ठोका त्याच्यातून निघतच नाही, अन् जे निघत नाही ते भिंत वाढवू शकत नाही.

विनूकाका: मुठीएवढाच आहे बाप्पा. बरं, कडेवर घेऊन पाहतो.