‘नर्चर’ला पाठपुरावा म्हणावं का?

टॉवेलकाठ: अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्याचं मार्केटिंग बघते. गिऱ्हाईक साइटवर जे करतं त्यावरून त्याला आपोआप पुढची मेल जाते, त्याला आम्ही ‘नर्चर’ म्हणतो. विक्रीच्या पोरांसाठी मराठीत टिपण लिहायचंय. ‘पोषण’ म्हटलं की अंगणवाडी आठवते. ‘पाठपुरावा’ चालेल?

हातमाग६०: चालेल की. आम्ही दिवाळीआधी सगळ्या दुकानदारांना चादरींचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, आठवड्यानं परत टाकतो. पाठपुरावाच तो.

शब्दवेडा: काका, तुमचं तारखेवर चालतं, ताईंचं गिऱ्हाईकाच्या हालचालीवर. पाठपुराव्यात धावपळ आपली असते. मी ‘आंतरमशागत’ म्हणेन, उभं पीक बघून केलेली.

शाळू: रब्बी ज्वारीला कोळपणी तिसऱ्या, पाचव्या, आठव्या आठवड्यात. तीपण तारखेवरच की.

शब्दवेडा: हरलो. मग ‘जोपासना’.

टॉवेलकाठ: बरं वाटतंय. आता ‘स्कोअर’. दरांचं पान पाहिलं की 20, कॅटलॉग उतरवला की 10, नमुना मागवला की 30 असे ‘गुण’ देतो. 50 झाले की नाव विक्रीकडे. गेल्या महिन्यात एका हॉटेलच्या खरेदीवाल्यानं दर पाहून नमुना मागवला, 50. टेक्सटाईलच्या एका विद्यार्थ्यानं प्रोजेक्टसाठी कॅटलॉग घेतला, दर दोनदा पाहिले, त्याचेही 50. विक्रीवाल्यानं आधी विद्यार्थ्याला फोन लावला. तेव्हापासून तो माझी यादी उघडतच नाही.

आकडेमोड: ‘गुण’ या एका शब्दानंच घोळ केलाय. माणूस कोण आहे ही ‘पात्रता’, त्यानं काय केलं हा ‘कल’. पात्रतेला अ, ब, क द्या, कलाला आकडा. मग हॉटेल अ-50 आणि विद्यार्थी क-50. पुढे फक्त हॉटेल जाईल. महिनाभर हालचाल नसेल तर कल निम्मा करा. आणि मेल उघडल्याचे गुण देत असाल तर बंद करा. 2021 पासून अ‍ॅपलच्या मेलमध्ये गोपनीयतेची सोय चालू असली की चित्रं आपोआप उतरतात, माणसानं मेल वाचली नसली तरी उघडल्याची नोंद होते.

हातमाग६०: पात्रता म्हणजे लायकी काढणं झालं. गिऱ्हाईकाची लायकी काढू नये.

आकडेमोड: त्याला दाखवायची नाहीये हो!

टॉवेलकाठ: आणि विक्रीकडे देण्याला ‘सुपूर्द’?

शब्दवेडा: सुपूर्द, हवाली, दोन्हीत देणाराच दिसतो. ऑफिसात ‘चार्ज घेतला’ म्हणतात, ते नेमकं आहे.

आकडेमोड: पटलं. नावाबरोबर त्यानं काय पाहिलं, किती जीएसएमचा नमुना मागितला, हेही द्या. विक्रीवाल्यानं दिवसभरात चार्ज घ्यायचा किंवा कारण लिहून परत करायचं. घेतला की तुमच्या आपोआप मेल थांबल्या पाहिजेत. आमच्याकडे थांबल्या नव्हत्या. दर ठरून ऑर्डर हातात आली आणि त्याच दुपारी गिऱ्हाईकाला मेल गेली, ‘अजून विचार करताय?’ त्यात पहिल्या ऑर्डरवर सूट. त्यानं तीच सूट मागितली.

टॉवेलकाठ: ‘खरेदी मार्चनंतर’ असं लिहून परत आलेल्याला काय म्हणायचं? तो परत जोपासनेत जातो.

हातमाग६०: वापसी.

शब्दवेडा: वापसी मालाची होते, काका.

हातमाग६०: मग तुम्हीच सांगा.