मदत हवी आहे: मेलमधे ईओडी, आयएसटी लिहायचं की सरळ वेळ?

नमस्कार मंडळी, आमची टीम पुण्यात आणि क्लायंट डब्लिनला, आणि मेलमधे सगळे "फाईल ईओडी आयएसटी पर्यंत देतो" असं लिहितात, तिथेच घोळ होतो. आपल्याला आयएसटी म्हणजे भारतीय वेळ, पण आयर्लंडमधे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात त्या वेळेलाही आयएसटीच म्हणतात, आयरिश स्टँडर्ड टाईम, जी आपल्या साडेचार तास मागे असते. म्हणजे आपण संध्याकाळी 6 म्हणतो आणि ते त्यांच्या 6 ची वाट बघत बसतात, तेव्हा इथे रात्रीचे साडेदहा! त्यात ईओडी म्हणजे ऑफिस सुटेपर्यंत की रात्री बारापर्यंत, हेही ज्याचं त्याचं वेगळं.

पीएफए, एफवायआयला माझी अजिबात हरकत नाही, अटॅचमेंट समोर दिसतेच, कोणाचं काही अडत नाही. पण डेडलाईन असेल तिथे "मंगळवार संध्याकाळी 6 भारतीय वेळ, डब्लिन दुपारी 1:30" असंच लिहावं असं मला ठामपणे वाटतं. सिनियर म्हणतात सब्जेक्ट लाईन फार लांब होते.

तुम्ही सब्जेक्टमधे वेळ टाकता की फक्त मजकुरात? आणि हिवाळ्यात फरक साडेपाच तास होतो तेव्हा टेम्प्लेट कोण बदलतं?