मदत हवी आहे: साचलेल्या २,३०० कॉल रेकॉर्डिंगमधलं काय ठेवू?

निशिगंध
सॅमसंगचा फोन आहे. सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचं सेटिंग चार वर्षं चालूच राहिलं. `Recordings/Call` मध्ये २,३०० फायली, ६ जीबी. त्यात बाबांचे कॉल आहेत (बाबा आता नाहीत), विमा एजंटाचे आहेत, बाकी कुरिअर नि गॅस सिलिंडर. एकेक ऐकणं शक्य नाही. कुठून सुरुवात करू?

खटपट्या
ऐकत बसू नका, नावं वाचा. आधी ते सेटिंग 'निवडक नंबर'वर आणा, नाहीतर इकडे उपसाल आणि तिकडे भरत राहील. मग फोन केबलने कॉम्प्युटरला जोडून अख्खा फोल्डर उतरवा आणि दोन्हीकडची फायलींची संख्या जुळवा. आता नावानुसार लावा. फाईल अशी दिसेल:

```
Call recording Baba_210814_193205.m4a
```

म्हणजे १४ ऑगस्ट २०२१, संध्याकाळी ७:३२. एका माणसाचे कॉल सलग येतात आणि सेव्ह न केलेले नंबर एका गठ्ठ्यात. त्यातले १४०ने सुरू होणारे जाहिरातवाले, डोळे मिटून उडवा. १६००वाले मात्र बघून घ्या, बँका नि विमा कंपन्या त्या मालिकेतून फोन करतात.

भाऊराव_७२
सगळं एमपीथ्री करून टाका, जागा निम्मी होईल.

खटपट्या
भाऊराव, बिटरेट कमी केलात तर होईल, पण m4a आधीच दाबलेली असते, पुन्हा दाबली की आवाज आणखी खरखरीत. शिवाय विम्याच्या फायलींना तर हातच लावू नका. उद्या वाद कोर्टात गेला, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिच्या डेटावरून निघणारी ओळखखूण, लिहावी लागते. सुरुवातीचं "हॅलो हॅलो" जरी कापलं, तरी ती बदलते. वाद मिटेपर्यंत मूळ फाईल आणि शक्यतो तो फोनही ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच तर 'डॉक्युमेंट' म्हणून.

चिंचपोकळी_फास्ट
माझ्याकडे गूगलचं फोन ॲप आहे, असला फोल्डरच सापडत नाही!

खटपट्या
तुमची रेकॉर्डिंग ॲपच्या पोटात असतात. एकेक उघडून शेअर करूनच बाहेर काढता येतात. ॲपचा डेटा पुसलात तर गेलीच. ठरावीक दिवसांनी आपोआप डिलीट करायचा पर्यायही तिथे असतो, तो चालू नाही ना, बघा.

अबोली
निशिगंध, बाबांच्या फायली लांबीनुसार लावून बघ. मी असते तर "पोचलीस का?" एवढेच वीस सेकंदांचे कॉल आधी जपून ठेवायला बाजूला काढले असते. तासाभराच्या कॉलमध्ये निम्मं इलेक्ट्रिशियन आणि लाइटबिल.

खटपट्या
इथे मी असहमत. बाबांचं सगळंच ठेवा. दोनशे कॉल धरले तरी अर्धा-पाऊण जीबी, त्यासाठी निवड कशाला?

निशिगंध
१४०वाले उडवले, ३१० निघाले. पण जागा तेवढीच दाखवतंय?

खटपट्या
'माय फाइल्स'मधली कचरापेटी रिकामी करा. तीस दिवस तिथेच पडून असतात. पण आधी कॉम्प्युटरवरच्या चार-पाच फायली वाजवून बघा.

निशिगंध
वाजल्या. आता एकच अडलंय: बाबांचे काही कॉल दवाखान्याच्या लँडलाइनवरून आले होते, म्हणजे ते त्या बिननावाच्या गठ्ठ्यात असणार. नंबर आठवत नाही. तारखेवरून शोधायचे कसे?