वळीव, कालबैशाखी आणि टॉर्नेडो

“गरम हवा वर चढली की वादळ होते, तर मग आपल्याकडे वळवात टॉर्नेडो का दिसत नाहीत?”

तापलेली दमट हवा गडगडाटी वादळाला पुरते, टॉर्नेडोला मात्र ती पुरत नाही. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे ढग झपाट्याने उंच वाढतो. पण जमिनीलगतच्या आणि वरच्या वाऱ्यांत फारसा फरक नसल्याने त्याचा पाऊस त्याच्याच चढत्या प्रवाहात कोसळतो आणि तासाभरात ढग स्वतःच विझतो. उंचीनुसार वाऱ्याचा वेग आणि दिशा ठळकपणे बदलत असतील, तर खालची हवा आडव्या लाटण्यासारखी फिरू लागते, चढता प्रवाह ते फिरणे उभे करतो आणि पाऊस बाजूला पडत असल्याने ढग तासन्‌तास टिकतो. अशा ढगांपैकीही थोड्याच ढगांतून टॉर्नेडो जमिनीला टेकतो.

म्हणूनच गडगडाटी वादळांचे आणि टॉर्नेडोंचे प्रदेश वेगळे आहेत. विजा सर्वाधिक चमकतात त्या व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवरावर, तर टॉर्नेडो सर्वाधिक होतात अमेरिकेत, जिथे मेक्सिकोच्या आखातावरील दमट वाऱ्यावरून पश्चिमेचा कोरडा वारा वाहतो. तशीच मांडणी बंगालमध्येही कालबैशाखीच्या, म्हणजे तिथल्या उन्हाळी गडगडाटी वादळांच्या, दिवसांत असते: खाली उपसागरावरील दमट हवा आणि वर छोटा नागपूरकडून येणारा कोरडा वारा. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील माणिकगंज जिल्ह्यात झालेल्या टॉर्नेडोत सुमारे १,३०० माणसे दगावली.