हायफन नामाआधी घालायचा, नामानंतर काढायचा: हा काय पोरखेळ?

विश्रामबागकर: आमच्या कॉलेजच्या स्मरणिकेचं इंग्रजी पान छपाईआधी तपासायला दिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी वर ‘वेल नोन ऑथर’मध्ये रेघ घातली आणि खाली ‘द ऑथर इज वेल नोन’मधली मी घातलेली रेघ खोडली. एकाच पानावर, चार ओळींच्या अंतरात! ऑक्सफर्डच्या शब्दकोशानं 2007 सालीच हजारो हायफन फेकून दिले, आणि आपण सांगलीत बसून ते वेचतोय. मी सगळे उडवून पान छापायला धाडलं. कुणाचं काय बिघडलं ते सांगा.

मिरजेची मुद्रितशोधक: त्या बाई मी नव्हे, पण मीही हेच केलं असतं, म्हणून लिहायला बसले.

ऑक्सफर्डची बातमी तुम्ही मथळ्यापुरती वाचलीत. 2007 मध्ये शॉर्टर ऑक्सफर्डच्या सहाव्या आवृत्तीतून 16,000 च्या आसपास हायफन गेले, खरंय. पण गाजलेली उदाहरणं बघा: ‘आइस क्रीम’ सुटं झालं, ‘बंबलबी’ जोडून आलं. ही नामं आहेत. भांडण नामाच्या पुढ्यात उभ्या राहणाऱ्या जोडीचं आहे.

‘लिटल यूज्ड कार’ अशी जाहिरात दिलीत, तर गाडी लहान आणि सेकंडहँड आहे, की फारशी चाललेलीच नाही? ‘लिटल-यूज्ड कार’ लिहा, गाडी कमी चाललेली ठरते आणि भावात फरक पडतो. वाचणारा ‘लिटल’पाशी येतो तेव्हा ‘कार’ अजून यायची असते, म्हणून कोण कुणाला चिकटलंय ते त्याला आधीच सांगावं लागतं. ‘द कार इज लिटल यूज्ड’ म्हटलं की कार मागे पडली, ‘लिटल’ला ‘यूज्ड’शिवाय जायला जागाच नाही. रेघेचं काम संपलं.

‘वेल नोन ऑथर’मध्ये तसा घोटाळा होत नाही, हे मान्य. ‘वेल’ ऑथरला जाऊन चिकटत नाही. तिथे रेघ केवळ शिस्तीपोटी. पण दर वेळी थांबून ‘इथे घोटाळा होईल का’ असा विचार करत बसण्यापेक्षा शिस्त स्वस्त पडते.

निवृत्त इंग्रजी मास्तर: बाई, तुमचंही अर्धवट आहे. शब्दकोश उघडा. ‘वेल-नोन’ रेघेसकटच छापलेला दिसेल. मग तो नामाच्या पुढे असो की मागे, रेघ हवीच. असोसिएटेड प्रेसच्या वार्ताहरांसाठीच्या जुन्या पुस्तिकेत ‘द मॅन इज वेल-नोन’ असंच उदाहरण होतं. आम्ही वर्गात ‘वेल-नोन’, ‘हायली-पेड’, ‘न्यूली-बिल्ट’ सगळं रेघेनंच शिकवलं. पोरं बोर्डात पास झाली, पुढे परदेशी गेली.

मिरजेची मुद्रितशोधक: पोरं रेघेमुळे परदेशी गेली नाहीत, सर.

असोसिएटेड प्रेसचं मात्र बरोबर आहे. त्यांच्या जुन्या नियमात ‘इज’, ‘वॉज’नंतरही रेघ ठेवायची होती. पुस्तकवाल्यांचं शिकागो मॅन्युअल नामानंतर काढायला सांगतं. त्या जुन्या नियमानं बातमी लिहीत असाल तर तुमचं, पुस्तक काढत असाल तर माझं. स्मरणिका कुठल्या खात्यात टाकायची ते विश्रामबागकरांनी ठरवावं. पण एका पानावर एकच बाजू धरा.

‘हायली-पेड’ आणि ‘न्यूली-बिल्ट’ मात्र दोघांकडेही नापास. शेवटी ‘ली’ असलेलं क्रियाविशेषण पुढच्या शब्दाकडे स्वतःच बोट दाखवतं, त्याला रेघेचं ठिगळ कशाला? आता कुणी ‘अर्ली’ काढायच्या आत सांगते: ‘अर्ली-सीझन ग्रेप्स’मध्ये रेघ येते, कारण तिथे ‘अर्ली’ हे सीझनचं विशेषण आहे. ‘ली’ दिसली की रेघ खोडणारेही मी पाहिलेत.

तासगावचा बेदाणावाला: ते लेखकाचं र्‍हाऊ द्या, माझं ऐका. दुबईच्या पार्टीला नमुन्याचा माल धाडायचा होता. आमच्या पोरानं मेलवर ‘ट्वेंटी फाइव्ह किलो बॉक्सेस’ असं अक्षरात लिवलं. आमच्या डोक्यात 5 किलोच्या 20 पेट्या, म्हणजे 100 किलो. पार्टीनं धरलं 25 किलोची पेटी, आन् विचारती, ‘पेट्या किती ते लिहिलंच नाही.’ त्यात एजंटानं तिसरंच काढलं, 1 किलोच्या 25 पेट्या! फोनवर फोन. माल कोल्ड स्टोरेजला, ट्रान्सपोर्टवाला दारात बोंबलतोय. आता रेघ कुठं मारायची होती तेवढं सांगा. लेक्चर नको.

मिरजेची मुद्रितशोधक: दादा, या धाग्यातलं पहिलं कामाचं उदाहरण. तुमच्या मनातलं ‘ट्वेंटी फाइव्ह-किलो बॉक्सेस’: ट्वेंटी सुटा, फाइव्ह आणि किलो जोडलेले. पार्टीनं वाचलं ‘ट्वेंटी-फाइव्ह-किलो बॉक्सेस’, तिन्ही जोडलेले. एजंटाचं ‘ट्वेंटी-फाइव्ह किलो बॉक्सेस’. शब्द तेच, वजनं तीन.

आणि पोराला आणखी एक सांगा. रेघेच्या जोडीत ‘किलो’ एकवचनी राहतो, ‘फाइव्ह-किलोज बॉक्सेस’ होत नाही. वाक्य फिरवून ‘द बॉक्सेस आर फाइव्ह किलोज ईच’ केलं की किलोचं अनेकवचन होतं आणि रेघ जाते. ‘टेन-इयर-ओल्ड बॉय’ आणि ‘द बॉय इज टेन इयर्स ओल्ड’चंही तसंच. पण मालाच्या कागदावर रेघेच्या भरवशावर राहूच नका. आकड्यात लिहा: 20 पेट्या, प्रत्येकी 5 किलो.

विश्रामबागकर: म्हणजे शेवटी रेघेची गरज नाहीच. मी तेच म्हणत होतो.

मिरजेची मुद्रितशोधक: वा! अर्धं वाचायची सवय ऑक्सफर्डपुरती नव्हती तर.

कराडचा मराठीवेडा: इंग्रजीच्या रेघेसाठी एवढं रक्त आटवताय, मराठीत काय चाललंय ते बघा की. फलकावर ‘पाणी पुरवठा’ सुटं, ‘शेती-विषयक’ला मध्ये रेघ, ‘वधू वर सूचक’ची तर तीन शकलं. समास हा एक शब्द असतो हे सातवीत शिकवतात, आणि सरकारी पत्रात त्याचे तुकडे करतात. ही सगळी इंग्रजीची लागण.

निवृत्त इंग्रजी मास्तर: प्रत्येक रोग इंग्रजीच्या माथी मारू नका. ‘जिल्हा परिषद’ तुम्ही तरी जोडून लिहिता का?

कराडचा मराठीवेडा: ते संस्थेचं नाव आहे, ठरल्याप्रमाणे लिहायचं. नियमाशी त्याचा काय संबंध? उगाच फाटे फोडू नका.

निवृत्त इंग्रजी मास्तर: फाटे? विषय इंग्रजी हायफनचा होता, फाटा तुम्ही फोडलात!

कराडचा मराठीवेडा: पेन्शनीत वेळ भरपूर असतो, समजू शकतो. पण मुद्दा ऐका. ‘जुने पुस्तक विक्रेते’ अशी पाटी आहे. म्हातारे कोण, पुस्तकं की विक्रेते? ‘पुस्तकविक्रेते’ जोडून लिहा, विक्रेते जुने ठरतात. पुस्तकं जुनी म्हणायची तर ‘जुन्या पुस्तकांचे विक्रेते’. सामान्यरूप आणि प्रत्ययच सगळं सांगतात, रेघ लागतेच कुठे? इंग्रजीला असे प्रत्यय नाहीत म्हणून ती काठी टेकत चालते.

मिरजेची मुद्रितशोधक: पेन्शनचं काढायची गरज नव्हती. बाकी हे पटलं, नाइलाजानं. फक्त ‘आई-वडील’मध्ये रेघ घालून लिहिणारे आपल्यातही भरपूर आहेत, त्यांना कुठली काठी म्हणायचं तेही सांगा.

कराडचा मराठीवेडा: तो द्वंद्व आहे. त्यावर वेगळा धागा काढतो.

तासगावचा बेदाणावाला: काढा निवांत. बाई, पेटीवर ‘सन ड्राइड रेझिन्स’ छापायचंय. रेघ?

मिरजेची मुद्रितशोधक: ‘सन-ड्राइड रेझिन्स’, रेघेसकट. पण तुमचा माल शेडमध्ये सावलीत वाळवलेला असेल तर आधी ‘सन’च काढा.

तासगावचा बेदाणावाला: शेडवरचाच हाय. मग ‘शेड-ड्राइड’ छापू?

निवृत्त इंग्रजी मास्तर: छापा. आणि खाली ‘द रेझिन्स आर शेड-ड्राइड’ लिहिणार असाल तर तिथेही रेघ ठेवा. बाई काहीही म्हणोत.